पाणी कधी येणार? संपादकांना लिहिलेल्या एका पत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातले आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला उपयोजित लेखनाच्या तासाला एक काम दिले होते: आपल्या वस्तीतल्या अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल वृत्तपत्राच्या संपादकांना अडीचशे शब्दांच्या आत पत्र लिहायचे. नेहमीच्या पत्रलेखनापेक्षा त्यात एक अट जास्त होती. पत्र खरोखर पाठवायचे होते. वर्गातल्या बहुतेकांनी ठरलेल्या साच्यातली पत्रे लिहून दिली. एका विद्यार्थिनीचे पत्र मात्र तीन वेळा बदलले, छापून आले आणि त्यापुढेही बरेच घडले. म्हणून तेच इथे सविस्तर मांडतो. गाव, दैनिक आणि माणसे यांची नावे गाळली आहेत.

विद्यार्थिनी विवाहित आहे. लग्नानंतर काही वर्षांनी तिने पुन्हा शिक्षण सुरू केले. नवरा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा तिसरीत आहे. घर गावाच्या कडेला, नव्याने वसलेल्या वसाहतीत. तिथे नगरपरिषदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि ठरलेली वेळ सकाळी सात ते आठ. गच्चीवर टाकी असलेली घरे थोडी आहेत. बाकीच्यांकडे अंगणात सिमेंटचा हौद किंवा निळे पिंप, म्हणजे पाणी येईल तेव्हा घरात कोणीतरी असलेच पाहिजे.

पहिला खर्डा

पहिल्या खर्ड्याची सुरुवात "आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी आपले लक्ष एका गंभीर समस्येकडे वेधू इच्छिते" अशी होती. पाणी म्हणजे जीवन, नागरिक त्रस्त, प्रशासन झोपेत, लोकप्रतिनिधींचे दुर्लक्ष, हे सगळे त्यात होते. शेवटी "तरी संबंधितांनी याची त्वरित दखल घ्यावी, ही नम्र विनंती". व्याकरण चोख, मांडणी बरोबर. परीक्षेत या पत्राला चांगले गुण मिळाले असते.

पण हे पत्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातून, कोणत्याही वर्षी आलेले असू शकले असते. अशी पत्रे संपादकांच्या टपालात रोज येतात. ती छापायची तर एकच कशाला, सगळीच छापावी लागतील. पत्रातली दोनच वाक्ये तिची स्वतःची होती: "आमच्याकडे माणशी १३५ लिटर पाणी मिळण्याचा निकष पाळला जात नाही. आम्हाला पुरेसे पाणी मिळावे." वर्गातली पहिली खरी चर्चा या दोन वाक्यांवरच झाली.

१३५ हा आकडा तिने मोबाइलवर शोधला होता आणि तो खोटा नाही. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत दरडोई दररोज १३५ लिटरचा निकष आहे, पण तो भुयारी गटार योजना असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरांसाठी आहे. नळयोजना आहे पण भुयारी गटार नाही, अशा गावांसाठी त्याच पुस्तिकेत ७० लिटर दिले आहेत. तिच्या गावात गटारे उघडी आहेत. पत्र तसेच गेले असते, तर नगरपरिषदेचा अभियंता एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झाला असता: आपल्या गावाला निकष ७० चा आहे आणि आम्ही तेवढे देतो. मग पत्रातला बाकीचा मजकूर खरा असूनही बाजूला पडला असता.

त्याहून मोठा प्रश्न असा होता की तिची तक्रार खरोखर कमी पाण्याची आहे का? हे तिलाच नक्की सांगता येईना. तेव्हा ठरले की महिनाभर वहीत नोंद ठेवायची. पाणी कोणत्या तारखेला किती वाजता आले, किती वेळ होते, आणि त्या वेळी घरात कोण होते.

वहीत काय दिसले

मार्चच्या त्या नोंदीत पाण्याच्या पंधरा पाळ्या आल्या. पाणी सात-साडेसातला आले अशा पाळ्या चार. सहा वेळा ते दुपारी आले, पाच वेळा रात्री नऊनंतर. पाळी पूर्ण बुडाली, असे एकदाही झाले नव्हते. आणि पाणी आले की बहुतेक वेळा हौद भरत होता.

चौथा रकाना तिने सहज म्हणून आखला होता, पण सगळ्यात बोलका तोच निघाला. दुपारच्या पाळ्यांपुढे "सासूबाई, बादल्या उचलता आल्या नाहीत", "शेजारच्या मावशींनी पाइप लावून दिला", "मी, तास बुडवला" अशा नोंदी होत्या. एका रात्रीच्या पाळीपुढे लिहिले होते: "साडेअकरा. हे रात्रपाळीला. मी जागी होते, एकला झोपले." पाणी मिळत होते. ते कधी मिळणार हे मात्र कोणालाच माहीत नव्हते, आणि त्या वाट पाहण्याची किंमत घरातल्या बाईच्या दिवसातून वसूल होत होती. कोणाची मजुरी बुडत होती, कोणाचा तास, कोणाची झोप. पहिल्या खर्ड्यात याचा शब्दही नव्हता.

आता कारण शोधायचे होते. तिने अभियंत्याकडे न जाता व्हॉल्व्ह उघडायला सायकलवर येणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठले. "काका, आमचंच पाणी का मागं पडतं?" तो म्हणाला, "ताई, टाकीत पाणी चढल्याशिवाय मी व्हॉल्व्ह उघडून काय करू? रात्री तिकडं लाईट गेली की सकाळचं सगळंच मागं सरतं. आणि तुम्ही शेवटी."

त्याने सांगितलेला हिशेब साधा होता. उंच टाकी साधारण सहा लाख लिटरची आहे. नदीवरचा पंप रात्री अकराला सुरू होतो आणि तासाला सुमारे एक लाख लिटर पाणी चढवतो, म्हणजे पहाटे पाचला टाकी भरते. तिथून तीन भागांना ओळीने तास-तासभर पाणी सुटते, प्रत्येकाला अंदाजे दोन लाख लिटर. तिसरा भाग तिच्या वसाहतीचा. रात्री दोन तास वीज गेली, तर पाच वाजता टाकीत चारच लाख लिटर असतात. पहिला भाग उंचावर आहे, तिथे टाकी भरलेली नसली की दाब पुरत नाही. मग तिथला व्हॉल्व्ह उशिरा उघडावा लागतो आणि उघडल्यावर तासाऐवजी दीड-दोन तास चालू ठेवावा लागतो, कारण तिथले लोक फोन करतात. दुसऱ्याची पाळी होईपर्यंत टाकी तळाला जाते. तिसऱ्यासाठी पुन्हा ती भरण्याची वाट पाहायची. तोवर पुन्हा वीज गेली, तर रात्र होते.

म्हणजे उशीर कोणाच्याही वाट्याला आला, तरी तो शेवटी जाऊन साचत होता तो एकाच वसाहतीत. कोणी मुद्दाम करत नव्हते. पाळीचा क्रम कधी काळी ठरला होता आणि तोच पुढे चालू होता.

समोर असलेले पर्याय

इथे चार निर्णय घ्यायचे होते. त्यातले दोन खरोखर अवघड होते.

पहिला प्रश्न: पत्र संपादकांना लिहायचे की अर्ज मुख्याधिकाऱ्यांना? काम वर्गाचे असल्याने पत्र लिहायचेच होते, पण प्रश्न खरा होता. अर्ज एका कार्यालयाला जातो, त्याची पोच मिळते, पाठपुरावा करता येतो. संपादकांना लिहिलेले पत्र वाचणारे मात्र तिघे असतात. त्या वसाहतीत न राहणारा वाचक, ज्याला हा प्रश्न समजावून द्यावा लागतो. कार्यालयातला माणूस, जो त्यात चूक शोधतो. आणि दुसऱ्या भागातले रहिवासी, ज्यांना आपले पाणी तोडायला निघालेत असे वाटू शकते. तिघांनाही पेलेल असे लिहिणे हीच या प्रकारातली खरी कसोटी. अर्ज नंतर करता येईल, असे ठरले.

दुसरा प्रश्न मोटारींचा. वसाहतीतली काही घरे नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. त्याने पुढच्या घरांचा दाब जातो आणि रिकाम्या वाहिनीत फटीतून गटाराचे पाणी ओढले जाण्याचा धोका असतो. हे लिहायचे का? लिहिले तर शेजारी दुखावणार, न लिहिले तर अर्धे सत्य. तिने एक वाक्य ठेवले, पण त्याला कारण जोडले: वेळ माहीत नसल्याने आलेले पाणी निसटू नये म्हणून लोक मोटारी लावतात. मला ते वाक्य योग्य वाटते. दोष लपवलेला नाही, आणि शेजाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केलेले नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक होता. सगळी माहिती त्या कर्मचाऱ्याने दिली होती. तो कंत्राटी. पत्रात "पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितल्याप्रमाणे" असे चार शब्द गेले असते, तर गावात तो कोण हे लगेच कळले असते आणि त्याची नोकरी धोक्यात आली असती. दुसऱ्या खर्ड्यात ते शब्द होते. तिने ते काढले, आणि टाकीतून लिटर किती सुटते हा तपशीलही काढला, कारण तोही त्याच्याकडूनच आला असणार हे उघड होते. वीज गेली की पाणी लांबते, हे वसाहतीतल्या कोणालाही स्वतःच्या अनुभवाने सांगता येते. तेवढेच ठेवले.

चौथा प्रश्न: मागायचे काय? वर्गात कोणी नवी टाकी सुचवली, कोणी पंपासाठी जनरेटर, कोणी रोज पाणी. या सगळ्या गोष्टींना निधी, मंजुरी, निविदा लागतात. पत्र वाचून कोणी उद्या नवी टाकी बांधायला घेणार नाही. तिने उलटा विचार केला: आठवडाभरात, पैसा न लागता करता येईल असे काय आहे? दोन गोष्टी निघाल्या. पाणी लांबणार असेल, तर सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या घंटागाडीच्या भोंग्यावरून तसे सांगावे. गाडी रोज येते, भोंगा असतोच. आणि तीन भागांचा क्रम दर महिन्याला बदलावा, म्हणजे उशीर वाटून घेतला जाईल.

पाठवलेले पत्र

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार विभाग

विषय: पाणी सोडण्याच्या वेळेची पूर्वसूचना मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या वसाहतीला नगरपरिषदेचे पाणी एक दिवसाआड, सकाळी सात ते आठ या वेळेत मिळणे अपेक्षित आहे. मार्च महिन्यातील पंधरा पाळ्यांची मी नोंद ठेवली. त्यांपैकी चार वेळाच पाणी वेळेवर आले. सहा वेळा ते दुपारी आले, तर पाच वेळा रात्री नऊनंतर.

आमची तक्रार पाणी कमी असल्याची नाही. ते कधी येणार हे माहीत नसल्याची आहे. बहुतेक घरांत साठवण म्हणजे अंगणातला हौद. तो भरण्यासाठी घरात माणूस थांबावा लागतो. त्यामुळे कोणाचा रोजगार बुडतो, कोणाचे कॉलेज, आणि वृद्धांना बादल्या उचलाव्या लागतात. पाणी निसटू नये म्हणून काही जण नळाला मोटारी लावतात आणि पुढच्या घरांचा दाब जातो.

वीज गेली की टाकी भरायला वेळ लागतो, हे आम्ही समजू शकतो. मात्र पाणी लांबणार हे पहाटेच कळलेले असते. ते सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितले, तर वसाहतीचा संपूर्ण दिवस वाट पाहण्यात जाणार नाही. यासाठी वेगळा खर्च नाही.

तसेच पाणी सोडण्याच्या क्रमात आमची वसाहत नेहमी शेवटी असल्याने प्रत्येक उशीर आमच्याच वाट्याला येतो. हा क्रम दर महिन्याला बदलावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
(नाव व पत्ता)

पत्रात "लोकप्रिय दैनिक" नाही, "झोपलेले प्रशासन" नाही. "दुर्लक्ष केले जात आहे" अशी कर्ता हरवलेली वाक्येही नाहीत. वाचकाला हलवते ते "सहा वेळा दुपारी, पाच वेळा रात्री नऊनंतर" एवढे एकच वाक्य. त्यात राग नाही, पण ते वाचून राग आल्यावाचून राहत नाही. विषयाची ओळही तक्रारीची नसून मागणीची आहे. शेवटच्या खर्ड्यातला हा बदल तिने स्वतःहून केला आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

छापून आले तेव्हा

पत्र दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत आले, पण जागेअभावी कापून. संपादक पत्र बहुधा खालून कापतात. शेवटचा परिच्छेद, म्हणजे क्रम बदलण्याची मागणी, गेली. घंटागाडीची मागणी तिसऱ्या परिच्छेदात असल्याने वाचली. मथळा बदलून "पाण्यासाठी दिवसभर प्रतीक्षा" असा झाला.

पुढच्या आठवड्यात घंटागाडीवरून सूचना येऊ लागली. "आज पाणी दुपारी चारनंतर येईल" एवढेच वाक्य, गाण्याच्या मधे. नगरपरिषदेने खुलासा छापला नाही, कोणाचा फोनही आला नाही. सूचना सगळ्या दिवशी बरोबर ठरते असे नाही. पहाटेनंतर वीज गेली तर ती चुकते. तरी शेजारच्या मावशी आता बाजाराला कधी जायचे ते सकाळीच ठरवतात.

क्रमाच्या मागणीसाठी तिने पत्राचे कात्रण आणि वहीच्या पानांची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यावर पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याने तिला बोलावून घेतले. तो म्हणाला, उंचावरच्या भागाला पाणी टाकी काठोकाठ असतानाच मिळते, त्याला शेवटी टाकले तर तिथल्या वरच्या गल्ल्यांना थेंबही मिळणार नाही. म्हणजे तिघांत क्रम फिरवणे शक्यच नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत मात्र महिन्याआड अदलाबदल करता येईल, असे तो म्हणाला, आणि मेपासून तसे सुरू झाले. आता एक महिना उशीर तिच्या वसाहतीला, एक महिना शेजारच्या.

वेगळे काय करता आले असते

तीन जागा मला दिसतात. एक, दोन्ही मागण्या दुसऱ्या परिच्छेदातच, एकाखाली एक यायला हव्या होत्या. घरातल्या परिणामांचा परिच्छेद त्यानंतर चालला असता. तो कापला गेला असता तरी पत्राचे काम अडले नसते, कारण पहिल्या परिच्छेदातले आकडे त्रास सांगायला पुरेसे होते.

दुसरी जागा अधिक महत्त्वाची. पत्र लिहिण्याआधी ती अभियंत्याला भेटली असती, तर तिघांत क्रम फिरवण्याची अशक्य मागणी पत्रात आलीच नसती. ती कापली गेली म्हणून निभावले. छापून आली असती, तर उंचावरच्या भागातल्या लोकांनी पत्राविरुद्ध पत्र लिहिले असते, आणि त्यांचे बरोबर असते. कर्मचाऱ्याच्या तोंडून तिने "तिथे दाब पुरत नाही" हे ऐकले होते. त्यातून हा निष्कर्ष तिथेच काढता आला असता, पण तेव्हा लक्ष उशिरावर होते, दाबावर नाही. मागणी ठरली की ती पुरी झाल्यास कोणाचे पाणी जाईल, हा प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी कामाच्या कागदावर ही ओळ आता छापली आहे.

तिसरी जागा परीक्षेची. परीक्षेच्या तीन तासांत वही ठेवता येत नाही, व्हॉल्व्ह उघडणारा भेटत नाही. तिथे प्रसंग कल्पनेने उभा करावा लागतो. तरीही वर्गातल्या बाकीच्या पत्रांचा आणि या पत्राचा फरक तिथे शिकवता येतो: परिस्थिती काल्पनिक असली, तरी वेळ, ठिकाण, कोणाचे काय बुडते आणि कोणाकडून नेमके काय हवे, हे चार तपशील ठरवल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही. या वर्षी उत्तरपत्रिका तपासताना मी तेच पाहिले. साचा ज्यांचा किंचित चुकला होता, पण पाणी कोणाच्या अंगणात किती वाजता आले हे ज्यांनी लिहिले होते, त्यांना मी जास्त गुण दिले. विद्यार्थिनीने ती वही एप्रिलनंतरही चालू ठेवली आहे. अदलाबदल पाळली जाते का, ते ती त्यात पाहते.